उन्हाचा धक्का काळ्याला जास्त की आरशाला?

"काळा पत्रा सगळं ऊन पितो, मग उन्हाचा धक्काही त्यालाच जास्त ना? काचेच्या फुग्यातली उन्हात फिरणारी भिंगरी तेच दाखवते."

नाही, आरशाला दुप्पट बसतो. काळ्या पृष्ठभागावर प्रकाशाचा संवेग फक्त थांबतो. आरशावर तो थांबून उलट दिशेने परतही जातो. शोषलेल्या ऊर्जेने पत्रा तापतो, त्या तापण्याचा धक्क्याशी संबंध नाही.

मेच्या मध्यावर सोलापुरात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो. तेव्हा गच्चीवर सपाट ठेवलेल्या एक चौरस मीटर काळ्या पत्र्यावर साधारण 1000 वॅट ऊन पडतं. त्याला प्रकाशाच्या वेगाने भागलं की बल येतं 3.3 मायक्रोन्यूटन, म्हणजे जेमतेम 0.34 मिलिग्रॅमचं वजन. तेवढाच परिपूर्ण आरसा ठेवला तर 0.68.

आता भिंगरी. तिच्या प्रत्येक पात्याची एक बाजू काळी, दुसरी चकचकीत असते आणि उन्हात काळी बाजू मागे सरकते. उन्हाच्या धक्क्याने, म्हणजे प्रकाशदाबाने फिरली असती तर चकचकीत बाजू मागे गेली असती! तिला फिरवते फुग्यात उरलेली विरळ हवा, जी तापलेल्या काळ्या बाजूला जास्त ढकलते. हवा जवळजवळ पूर्ण काढली की भिंगरी थांबते. म्हणूनच रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेबेदेव यांना खरा प्रकाशदाब मोजताना (निष्कर्ष 1901 मध्ये छापले) या हवेच्या परिणामाशीच सर्वांत जास्त झगडावं लागलं.