कोरफडीचा पिवळा चीक वेगळा अन् आतला गर वेगळा

मागच्या उन्हाळ्यात परतूरच्या एका ताईंचा फोन आला, म्हणल्या दारातल्या कोरफडीचं पान मिक्सरमधून काढून रात्री नऊला वाटीभर प्यायले, पहाटे चारला पोटात असा पिळा पडला की काही विचारू नका, अन् सकाळपर्यंत पाच-सहा जुलाब. आम्ही एकच विचारलं, रस कडू होता का? म्हणल्या, लई कडू.

मग ते गराचं काम नव्हतंच, चिकाचं होतं. पान कापलं की सालीच्या लगेच खालून पिवळा चीक गळतो, त्यात अ‍ॅलोइन नावाचं कडू, जुलाब घडवणारं द्रव्य असतं, अँथ्राक्विनोन गटातलं. गंमत अशी की ते वरच्या आतड्यात जवळजवळ तसंच पुढं सरकतं, मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जीवाणू त्याचा साखरेचा भाग तोडतात अन् तेव्हा कुठं ते जागं होतं, म्हणून परिणाम सहा ते बारा तासांनी दिसतो, ताईंचे सात तास याच हिशोबात बसतात. आतड्याची हालचाल वाढते, पाणी आत शोषलं जात नाही, उलट बाहेर येतं. रोज घेतलं तर पोटॅशियम कमी होतं, म्हणून लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयासाठीच्या डिगॉक्सिनच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर बायांनी अन् लेकरांनी चीक घेऊच नये. अमेरिकेत २००२ साली दुकानातल्या जुलाबाच्या औषधांतून कोरफडीचा चीक काढायला लावला, कारण सुरक्षित असल्याची पुरेशी माहिती कंपन्यांनी दिलीच नव्हती.

गर म्हणजे बहुतेक पाणीच, साधारण ९९ टक्के. उरलेल्यात अ‍ॅसिमॅनन नावाची लांब साखळीची साखर असते, बुळबुळीतपणा बराचसा तिच्यामुळं. आपल्याला ती पचत नाही, मोठ्या आतड्यातले जीवाणू ती आंबवतात, पण चिकासारखा पिळा पाडत नाही. पोट साफ व्हायचं औषध म्हणून गर घ्याल तर निराशाच होईल हे आम्ही विकणारे असून स्पष्ट सांगतो.

कातडीवरही तसंच. गराचा पातळ थर बसतो, ओल धरून ठेवतो, उन्हानं रापलेल्या जागेला गार वाटतं. चीक लागला की काहींना खाज सुटते, लाल चट्टे उठतात, अन् लोक म्हणतात मला कोरफड सोसत नाही!

घरी काढायचं असेल तर पान बुडातून कापून कापलेली बाजू खाली करून पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळं गळून जाऊ द्या. मग काटे काढा, साल जरा जाडच सोला, गराच्या वड्या दोन-तीन पाण्यांनी धुवा. जिभेच्या टोकाला लावून बघा, कडू लागलं तर अजून चीक आहे, टाकून द्या. चेहऱ्याला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. अन् उकळू नका, साखळी तुटते, गर पाण्यासारखा पातळ होतो. आमच्या किंवा कुणाच्याही प्यायच्या ज्यूसवर अ‍ॅलोइन १० पीपीएमपेक्षा कमी लिहिलंय का ते बघूनच घ्या.