चालत स्टेशन गाठण्याचा वेळ

घराच्या दारापासून गाडीच्या डब्यापर्यंत चालत पोचायला लागणारा वेळ. तो तीन भागांत मोजतात: रस्त्यावरचे निव्वळ चालणे, रस्ते ओलांडताना होणारा खोळंबा आणि स्टेशनातले अंतर. ऑफिसला जाताना तिसऱ्या भागाच्या जागी इमारतीचे फाटक आणि लिफ्ट येते.

निव्वळ चालण्याचा वेळ म्हणजे अंतर भागिले चाल. निरोगी प्रौढ माणूस मोकळ्या सपाट रस्त्यावर मिनिटाला साधारण 80 मीटर, म्हणजे तासाला 4.8 किलोमीटर चालतो. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींत स्टेशनचे अंतर मिनिटांत देतात, तेव्हाही 80 मीटरला एक मिनिट हेच प्रमाण धरतात. सिग्नल आणि चढ मात्र त्यात मोजत नाहीत. तरीही स्वतःची चाल मोजून घ्यावी. मैदानावरच्या 400 मीटरच्या ट्रॅकवर, रोजची बॅग खांद्यावर घेऊन, नेहमीच्या वेगाने एक फेरी मारावी. पाच मिनिटे लागली तर चाल 80 मीटर, सहा लागली तर सुमारे 67. अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नये. काटकोनात वळणाऱ्या गल्ल्यांमध्ये पायी अंतर सरळ रेषेच्या जवळजवळ दीडपट होऊ शकते.

हिशेब सर्वांत जास्त चुकतो तो सिग्नलपाशी. समजा सिग्नलचे पूर्ण चक्र 120 सेकंदांचे आहे आणि त्यात पादचाऱ्याला 90 सेकंद थांबावे लागते. आपण कोणत्याही क्षणी तिथे पोचू शकतो असे धरले, तर सरासरी थांबणे लाल वेळेचा वर्ग भागिले चक्राची दुप्पट, म्हणजे 8100 भागिले 240, सुमारे 34 सेकंद. पण ही सरासरी चारातल्या एका वेळी लगेच ओलांडता येते म्हणून इतकी कमी दिसते. नेमका लाल झाला तेव्हा पोचलेल्याला पूर्ण दीड मिनिट थांबावे लागते. महिन्याभरात एकूण किती वेळ जातो हे पाहायचे असेल तर सरासरी पुरते. ठरलेली गाडी पकडायची असेल तर पुरत नाही.

असे दोन सिग्नल वाटेत असतील आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही मिळून सरासरी थांबणे 68 सेकंद होते. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबण्याची वेळ मात्र आठांतून एकदा येते आणि अडीच मिनिटांपेक्षा जास्त थांबण्याची साधारण बत्तिसांतून एकदा. म्हणून रोज जाणाऱ्याने अडीच मिनिटे राखून ठेवावीत. दोन्ही सिग्नल पूर्ण लाल मिळतील असे धरून तीन मिनिटे राखली, तर त्या हिशेबाने चूक उरतच नाही; शेवटची लोकल किंवा बाहेरगावची गाडी असेल तर तीनच धरावीत.

आता 1200 मीटर अंतर आणि 80 मीटरची चाल घेऊ. चालणे 15 मिनिटे, दोन सिग्नलांची राखीव अडीच मिनिटे, सिग्नल नसलेल्या एका चौकात वाहनांमधून वाट मिळेपर्यंत पाऊण मिनिट. पुढे पादचारी पुलाची चढउतार दीड मिनिट आणि फलाटावर गर्दीतून आपल्या डब्यापर्यंत 100 मीटर. गर्दीत चाल 60 मीटरवर येते, म्हणून त्याला 1 मिनिट 40 सेकंद. एकूण 21 मिनिटे 25 सेकंद. 8:12 ची लोकल पकडायची असेल तर 7:50 ला दारातून बाहेर पडायला हवे. नुसत्या 15 मिनिटांच्या हिशेबाने 7:57 ला निघालेला माणूस सिग्नल मिळाले तरीही चुकतो, कारण पूल आणि फलाट यांतच तीन मिनिटांहून जास्त जातात. मुंबईत बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास लांब असते. पूल एका टोकाला आणि आपला डबा दुसऱ्या टोकाला असेल तर हा एकच भाग चार मिनिटांचा होतो.

उशीर झाल्यावर झपाझप चालून तो भरून काढता येतो, हा समज फारसा खरा नाही. या उदाहरणात चाल दहा टक्क्यांनी वाढवली तर 82 सेकंद वाचतात, म्हणजे एका पूर्ण लाल सिग्नलपेक्षा कमी. तेवढ्यासाठी दुभाजकावरून उडी मारणे किंवा रूळ ओलांडणे तर मुळीच करू नये.

जवळजवळचे सिग्नल एकमेकांना जोडलेले असतील तर वरचे प्रमाण लागू पडत नाही. पहिला हिरवा मिळाल्यावर ठरावीक वेगाने चालणारा दुसऱ्यापाशी दर वेळी एकाच टप्प्यावर पोचतो, त्यामुळे तिथे तो रोज थांबतो किंवा कधीच थांबत नाही. चार-पाच दिवस घड्याळ लावून पाहिले की हे कळते. मग सरासरी सोडून प्रत्यक्ष मोजलेला आकडा धरावा. पावसाळ्यात छत्री, पाणी साचलेला फूटपाथ आणि निसरड्या पायऱ्या यांमुळे चाल 65 मीटरपर्यंत उतरू शकते; तसे झाले तर याच वाटेला साडेतीन मिनिटे आणखी लागतील.