लग्नाच्या अल्बममधील अर्पणपत्रिका : मजकुराची पार्श्वभूमी

लग्नाच्या अल्बमचे पहिले पान अर्पणपत्रिकेसाठी राखून ठेवण्याची पद्धत मराठी घरांत तशी अलीकडची आहे. तिथे उतरणारी भाषा मात्र दोन जुन्या छापील परंपरांतून आलेली आहे. त्यांपैकी एक ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेची आणि दुसरी लग्नपत्रिकेची.

ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेचे एक ठळक उदाहरण १८७३ सालचे आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. ग्रंथ कोणाला दिला, त्यांच्या कोणत्या कामाबद्दल दिला आणि आपल्या देशबांधवांनी त्यापासून काय घ्यावे, हे सारे त्या मोजक्या ओळींत आले आहे. त्यामुळे दीडशे वर्षांनंतरच्या वाचकालाही त्या ओळी समजून घेण्यासाठी दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

लग्नपत्रिकेचे काम याहून अगदी वेगळे. ती आप्तेष्टांसाठी छापली जाते आणि घरातली माणसे त्यांना आधीच ठाऊक असतात. म्हणून ‘चि.’, ‘चि. सौ. कां.’, ‘यांचे ज्येष्ठ चिरंजीव’, ‘आपले विनीत’ एवढ्यावर तिचे भागते. काळ्या जाड पानांच्या, मध्ये बटर पेपर घातलेल्या आणि कोपऱ्यांत फोटो अडकवायच्या जुन्या अल्बमांत निराळी अर्पणपत्रिका सहसा नसे. पुष्कळ घरांत पत्रिकाच पहिल्या पानावर चिकटवली जाई. पुढे छापील पानांचे डिजिटल अल्बम आले, तेव्हा पहिल्या पानासाठी मजकूर मागितला जाऊ लागला, आणि हाताशी असलेली पत्रिकेचीच भाषा तिथे गेली. माझ्या मते खरी अडचण इथे सुरू झाली, कारण पत्रिका वाचणाऱ्याला जे ठाऊक असते, नेमके तेच नातवंडाला ठाऊक नसते.

यात सर्वांत मोठी उणीव आजीच्या नावाची असते. लग्नात वधूचे नाव बदलण्याची प्रथा असलेल्या घरांत ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले जाई, आणि त्या ताटाचा फोटोही अल्बममध्ये हमखास असे. पत्रिकेत माहेरचे नाव, तांदळात सासरचे, आणि दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत हे सांगणारी ओळ मात्र कुठेच नसते. नातवंडांना आजी दोन, आईकडची आणि वडिलांकडची. त्यामुळे ‘आजीस सप्रेम’ एवढे लिहिले, तर हे पान कोणत्या आजीचे, हाही प्रश्न उरतो.

दुसरी उणीव तारखेची. पत्रिकेत मिती आणि शक असतात, आणि अर्पणपत्रिकेत कित्येकदा तेवढेच उचलले जाते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे बहुतेकांना पाठ असते. पण शक गुढीपाडव्याला बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या लग्नांना ७९ मिळवावे लागतात. माघ, शके १८८९ मधले लग्न फेब्रुवारी १९६८ मध्ये झालेले असू शकते. ७८ मिळवणारा नातू मात्र ते १९६७ चे धरील आणि लग्नाचा पन्नासावा वाढदिवस वर्षभर आधीच करून बसेल. शक जरूर लिहावा, पण शेजारी इंग्रजी तारीख पूर्ण सनासह हवी. ‘६८’ असे अर्धे वर्ष नको.

नमुन्यादाखल नावे घेऊन पाहू. पत्रिकेच्या वळणाचा मजकूर असा होतो : ‘चि. वसंत व चि. सौ. कां. कुसुम यांच्या शुभविवाहाच्या मंगल स्मृती आप्तेष्टांस सादर समर्पण.’ हाच मजकूर नातवंडांसाठी असा लिहिता येईल : ‘वसंत आणि कुसुम यांचे लग्न माघ, शके १८८९, म्हणजे फेब्रुवारी १९६८ मध्ये वाई येथे वधूच्या घरी झाले. कुसुमचे सासरचे नाव सुमन. मांडवाचा सगळा खर्च तिच्या थोरल्या काकांनी केला. म्हणून हा अल्बम त्यांना, आणि त्यांना कधीच न पाहिलेल्या आमच्या नातवंडांना.’ प्रत्यक्ष पानावर महिन्याच्या जागी मिती आणि दिनांक पूर्ण घालावेत. दुसऱ्या मजकुरात ‘चि.’ आणि ‘कै.’ दोन्ही गाळले आहेत, कारण मधल्या काळात माणसांच्या उपाध्या बदलतात. अर्पण कशाबद्दल केले हेही सांगितले आहे, आणि ग्रंथांच्या परंपरेतून घेण्यासारखे नेमके तेच आहे.

छापखान्यात या मजकुराला आणखी एक धोका असतो. घरून पाठवलेला मजकूर लॅबमधल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप होतो, तेव्हा वेलांट्या सरकतात, रफार दुसऱ्या अक्षरावर जातो आणि जोडाक्षरे फुटतात. संगणकावरची शुद्धलेखन तपासणी नावांपुढे निरुपयोगी ठरते. म्हणून प्रूफ मागवून त्यातले प्रत्येक नाव आणि तारीख घरातल्या ज्येष्ठांकडून मोठ्याने वाचून घ्यावी, आणि त्यानंतरच छपाईला होकार द्यावा.