मांस भाजणे : करपण्यातून निर्माण होणारी संयुगे

मांस निखाऱ्यावर, जाळीवर किंवा तापलेल्या तव्यावर भाजताना त्याच्या पृष्ठभागावर दोन निरनिराळ्या कुळांतील अपायकारक संयुगे तयार होतात. पहिले कूळ विषमवलयी ॲरोमॅटिक अमाइनांचे. ही मांसाच्या स्वतःच्या घटकांपासून, त्याच्याच सालीत बनतात. दुसरे बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचे. ही प्रामुख्याने निखाऱ्यावर पडून जळणाऱ्या चरबीत बनतात आणि धुराबरोबर वर येऊन मांसावर बसतात. सर्वसाधारण लिखाणात दोन्ही ‘करपल्याचे विष’ म्हणून एकत्र सांगितली जातात. पण त्यांचा उगम वेगळा असल्यामुळे उपायही वेगळे आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालेलच असे नाही.

इतिहास : धुराकडे संशयाने पाहण्याची परंपरा जुनी आहे. इंग्रज शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. पुढे 1933 मध्ये डांबरातून बेंझो-ए-पायरिन हे बहुवलयी हायड्रोकार्बन वेगळे करण्यात आले. कोळशावर भाजलेल्या मांसात हाच पदार्थ असल्याचे विल्यम लिजिन्स्की व फिलिप शूबिक यांनी 1964 मध्ये दाखवले. त्यांना भाजलेल्या मांसकापांत किलोमागे सरासरी सुमारे 8 मायक्रोग्रॅम बेंझो-ए-पायरिन आढळले.

विषमवलयी अमाइनांचा शोध कोणापासून मोजायचा याविषयी एकमत नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ ई. एम. पी. विडमार्क यांनी 1939 मध्ये भाजलेल्या घोड्याच्या मांसाचा अर्क उंदरांना लावून गाठी निर्माण होत असल्याचे नोंदवले होते. काही लेखक त्यांनाच आद्य मान देतात. मात्र अर्कातील कारक द्रव्य कोणते हे त्या कामातून कळत नव्हते. त्यामुळे टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील ताकाशी सुगिमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांचे 1977 च्या सुमाराचे काम हाच खरा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. या गटाने भाजलेल्या मासळीचा धूर व तिची करपलेली साल यांचे अर्क एम्स चाचणीने तपासले. हिस्टिडीन हे ॲमिनो अम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जीवाणू या चाचणीत वापरतात. एखाद्या द्रव्यामुळे उत्परिवर्तन झाले, तर काही जीवाणूंना ती क्षमता परत मिळते आणि हिस्टिडीन नसलेल्या बशीतही त्यांच्या वसाहती उगवतात. सुगिमुरांच्या बशांत इतक्या वसाहती उगवल्या, की अर्कातील बेंझो-ए-पायरिनच्या मात्रेतून त्यांचा हिशेब लागेना. काहीतरी वेगळे आणि जास्त तीव्र द्रव्य तिथे होते. त्याचा माग काढताना ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लाच्या विघटनातून बनणारी अमाइने, त्यानंतर भाजलेल्या सार्डिन माशातून आयक्यू व तळलेल्या गोमांसातून एमईआयक्यूएक्स ही संयुगे ओळखली गेली. भाजलेल्या मांसात बहुधा सर्वाधिक प्रमाणात सापडणारे पीएचआयपी हे अमाइन 1986 मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत जेम्स फेल्टन यांच्या गटाने तळलेल्या गोमांसातून वेगळे केले.

निर्मितीची प्रक्रिया : आयक्यू वर्गातील अमाइने व पीएचआयपी यांना क्रिएटिन लागते. हे द्रव्य स्नायूत असते. तापवल्यावर त्यातून पाणी निघून जाते व क्रिएटिनीन बनते. यकृतासारख्या अवयवांत क्रिएटिन कमी असल्याने ते भाजल्यावर ही अमाइने थोडीच आढळतात. भाज्या काळ्याठिक्कर भाजल्या तरी क्रिएटिनच्या अभावी ती बनत नाहीत. पिठूळ पदार्थ भाजताना बनणारे ॲक्रिलअमाइड हा वेगळा विषय असून मांसात त्याला फारसे महत्त्व नाही.

क्रिएटिनीनच्या पुढचा मार्ग वादाचा आहे. स्वीडनमधील लुंड येथील मार्गारेटा येगरस्टाड यांनी 1983 मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार अमाइनाच्या रेणूतील इमिडॅझोल हा वलयाकार भाग क्रिएटिनीनपासून येतो. उरलेला भाग शर्करा व ॲमिनो अम्ले यांच्या मायार अभिक्रियेतून, म्हणजे मांसाला तपकिरी रंग व खमंग वास देणाऱ्या अभिक्रियेतूनच, मिळतो. एमईआयक्यूएक्ससारख्या संयुगांना ही मांडणी बरीच लागू पडते. परंतु फेनिलॲलनीन हे ॲमिनो अम्ल व क्रिएटिनीन शर्करेविना नुसतीच कोरडी तापवली तरी पीएचआयपी बनते. शर्करा क्रिएटिनीनच्या मानाने फार झाली, तर उलट उत्पादन घटते. म्हणजे पीएचआयपीसाठी शर्करा सहायक असेल, अनिवार्य नाही. फेनिलॲलनीनपासून बनणारे फेनिलॲसिटाल्डिहाइड क्रिएटिनीनशी जुळते, आणि वलय पुरे करण्यास लागणारे उरलेले अणू फॉर्माल्डिहाइड व अमोनिया या विघटनातून सुटणाऱ्या द्रव्यांकडून येतात, हे नंतरचे स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे आहे. या वादाला व्यवहारातही महत्त्व आहे. मसाल्याच्या लेपातील साखर एका अमाइनाला रोखून दुसऱ्याला वाढवू शकते, याचे कारण इथेच सापडते.

निर्मितीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. मांसाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर बाष्पीभवनामुळे तो 100° से.च्या आसपासच राहतो आणि अमाइने जवळजवळ बनत नाहीत. उकडलेल्या किंवा वाफवलेल्या मांसात ती नगण्य असण्याचे कारण हेच. ओल सरली की साल तापत जाते. 150° से.च्या पुढे निर्मिती जाणवू लागते आणि 200° से.च्या वर झपाट्याने वाढते. शिवाय आतला रस पृष्ठभागाकडे येताना विरघळलेले क्रिएटिन व ॲमिनो अम्ले बरोबर आणतो. रस आटला की ती नेमकी सर्वांत गरम जागी साठतात. म्हणून अमाइने सालीत दाट आणि गाभ्यात जवळजवळ नसतात. तव्यावर चिकटून राहिलेल्या खरवडीत व रसातही ती उतरतात. त्या खरवडीचा रस्सा केला, तर ती पुन्हा ताटात येतात.

उलटण्याचा प्रयोग : तापमान व वेळ यांचा मेळ लिव्हरमोर गटाच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चांगला दिसतो. खिम्याच्या चकत्या 160°, 180° व 200° से. अशा तव्यांवर, गाभ्याचे तापमान 70° से. होईपर्यंत भाजल्या. काही चकत्या एकदाच उलटल्या, काही दर मिनिटाला. एकदाच उलटलेल्या चकतीची खालची बाजू सलग तव्याला टेकून राहते, तिची ओल जाते आणि साल तव्याच्या तापमानाला पोहोचते. त्या वेळी वरची बाजू नुसती थंड होत असते. दर मिनिटाला उलटलेल्या चकतीत सालीत साठलेली उष्णता वर असताना काही अंशी आत सरकते. त्यामुळे गाभा लवकर शिजतो आणि कोणतीही साल फार काळ तापत नाही. दर मिनिटाला उलटलेल्या चकत्यांत तिन्ही तापमानांना अमाइने लक्षणीय कमी आढळली. त्यांना 70° से. गाठायला वेळही कमी लागला. मांस अजिबात कच्चे न ठेवता मिळणारा हा लाभ आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही. इतर बऱ्याच उपायांत एवढा निखळ लाभ मिळत नाही, म्हणून तो विशेष नोंदण्यासारखा आहे.

याच गटाने 1994 मध्ये दाखवलेला दुसरा उपाय म्हणजे भाजण्यापूर्वी चकती मायक्रोवेव्हमध्ये एक ते तीन मिनिटे ठेवून सुटलेला रस ओतून देणे. क्रिएटिन त्या रसाबरोबर निघून जाते. अमाइने सुमारे नऊ-दशांशापर्यंत घटल्याचे आढळले. रस टाकला नाही तर उपायाचा अर्थ उरत नाही. मात्र मांस लगेच भाजावे. अर्धवट गरम केलेले मांस तसेच ठेवल्यास जीवाणू वाढतात.

मुरवण : आंबट मुरवणात ठेवलेल्या मांसात अमाइने कमी बनतात, हा समज अंशतः खरा आहे. 1997 च्या एका प्रयोगात कोंबडीचे छातीचे मांस ब्राऊन शुगर, ऑलिव्ह तेल, सायडर व्हिनेगर, लसूण, मोहरी, लिंबाचा रस व मीठ यांत मुरवून जाळीवर भाजले. पीएचआयपी 90 टक्क्यांहून अधिक घटले. मात्र 30 व 40 मिनिटे भाजलेल्या नमुन्यांत एमईआयक्यूएक्स अनेक पटींनी वाढले होते. शर्करायुक्त मुरवण वापरताना हे ध्यानात ठेवावे. साखरेचा लेप चटकन करपतोही. त्यामुळे तो शेवटच्या काही मिनिटांत लावणे इष्ट. कोंबडीच्या बाबतीत सावधगिरीला आणखी एक कारण आहे. पूर्ण भाजलेल्या कातडीविरहित छातीच्या मांसात पीएचआयपीचे प्रमाण ग्रॅममागे 480 नॅनोग्रॅमपर्यंत मोजले गेले आहे.

शरीरातील परिणाम : अमाइने स्वतः निष्क्रिय असतात. यकृतातील सीवायपी1ए2 हे विकर त्यांना हायड्रॉक्सिल गट जोडते आणि ॲसिटिल किंवा सल्फेट गट जोडला गेल्यावर ती डीएनएला चिकटू शकतात. ही विकरे व्यक्तीगणिक कमी-अधिक वेगाने काम करतात. प्राण्यांवरील प्रयोगांत अनेक अवयवांत अर्बुदे झाली, परंतु त्यांतील मात्रा माणसाच्या आहारातील मात्रेच्या हजारो पट होत्या. माणसांवरील लोकसंख्या-अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. लोक किती भाजून खातात हे प्रश्नावलीतून अचूक कळत नाही, ही त्यातली मोठी अडचण. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1993 मध्ये आयक्यूला ‘संभाव्य’ म्हणजे 2ए गटात आणि पीएचआयपी व एमईआयक्यूएक्स यांना ‘शक्य’ म्हणजे 2बी गटात ठेवले. बेंझो-ए-पायरिन मात्र गट 1 मध्ये आहे. हे गट पुराव्याची खात्री सांगतात, धोक्याचे प्रमाण सांगत नाहीत.

धूर व चरबी : बहुवलयी हायड्रोकार्बनांच्या बाबतीत वारंवार उलटण्याचा फारसा उपयोग नाही. तिथे चरबी आगीवर न पडणे महत्त्वाचे. मांसाची चरबी आधी छाटावी. निखारे एका बाजूला ढकलून मांसाखाली थेंब झेलणारी ताटली ठेवावी, किंवा उष्णता वरून द्यावी. ज्वाला असताना मांस ठेवू नये. कोळशावर राखेचा पांढरट थर आला की ठेवावे. चरबी पडून भडका उडालाच, तर मांस लगेच बाजूला घ्यावे. वायूच्या शेगडीवरही तापलेल्या भागांवर चरबी पडली तर हीच संयुगे बनतात, त्यामुळे कोळसा नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. राळयुक्त लाकूड जळणासाठी टाळतात. काळा झालेला भाग कापून टाकल्याने दोन्ही कुळांतील संयुगे घटतात. पण करड्या-तपकिरी सालीतही अमाइने असतात, तेव्हा रंग हा पुरता भरवशाचा निकष नव्हे.

युरोपीय संघात उष्णतेने शिजवून विक्रीस ठेवलेल्या मांसपदार्थांत बेंझो-ए-पायरिनची मर्यादा किलोमागे 5 मायक्रोग्रॅम आहे. विषमवलयी अमाइनांसाठी तेथे अशी मर्यादा नाही. करपणे टाळताना मांस कच्चे राहू नये, यासाठी गाभ्यात टोचायचा तापमापक वापरावा. खिम्यासाठी 71° से. व कोंबडीसाठी 74° से. ही अमेरिकी कृषी विभागाने दिलेली किमान तापमाने आहेत, आणि ती अमाइने बनू लागतात त्या तापमानाच्या बरीच खाली आहेत.