बखरीतली दिल्ली

“कृष्णाजी अनंत सभासद शिवकाळातलाच होता, म्हणजे त्याच्या बखरीत लिहिलंय तसंच घडलं.”

पहिला भाग खरा आहे. पण बखर लिहिली गेली 1697 मध्ये, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. म्हणजे मुलाला वडिलांचा पराक्रम सांगण्यासाठी, तोही बऱ्याच अंशी आठवणीतून. त्यामुळे प्रसंग रंगतात, तारखा मात्र जवळपास नाहीतच.

आग्र्याचा प्रसंग काढून बघा. बखर सांगते, शिवाजी महाराज बादशहाला भेटायला दिल्लीला गेले. पण त्याच दिवसांत आग्र्याहून आमेरला गेलेली राजस्थानी पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत भेट आग्र्यात, 12 मे 1666 ला झालेली दिसते. घटना आणि लेखन यांत किती अंतर, हे आधी मोजायचं: पत्रांत काही दिवसांचं, बखरीत 31 वर्षांचं. म्हणून स्थळ-तारखेसाठी पत्रं धरायची.

अर्थात पत्रंही निर्मळ नव्हेत. ती आमेरच्या मिर्झाराजा जयसिंहाचा मुलगा रामसिंह याच्या माणसांनी लिहिली आणि महाराजांचा जामीन रामसिंहच होता, त्यामुळे धन्यावर ठपका येईल असं ती जपूनच सांगणार. उलट राजाराम महाराजांच्या दरबारात वडिलांबद्दल काय अभिमानाने सांगितलं जाई, हे मात्र बखरीतच सापडतं.