पाठीवर एकाच जागी खाज, पण पुरळ नाही : ही नसेची भानगड कधीपासून माहितीये?

आमच्या सातपूरच्या मावशींना डाव्या खांद्याच्या हाडाशेजारी, कण्याच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत सतत खाज. कधी नुसतं मुंगी चालल्यासारखं. हात पोचत नाही म्हणून दाराच्या चौकटीला पाठ घासायची, नाहीतर कंगवा. आधी गजकर्णाची ट्यूब झाली, मग खरजेचं औषध सगळ्या घराने लावलं, ॲलर्जीच्या गोळ्यांनी फक्त झोप आली.

खरंतर या दुखण्याला नाव मिळून नव्वद वर्षं होऊन गेलीत. 1934 साली अस्त्वात्सातुरोव्ह नावाच्या रशियन न्यूरोलॉजिस्टने त्याचं वर्णन केलं, नाव नोटाल्जिया पॅरेस्थेटिका. म्हणजे दुखणं नसांच्या डॉक्टरने ओळखलं, पण पेशंट खाज म्हणून जाणार स्किनवाल्याकडेच, आणि तिथे कातडीवर दिसत तर काहीच नाही!

का होतं याचं पटेल असं उत्तर 1978 मध्ये प्लीट आणि मॅसी या डॉक्टरांनी मांडलं. पाठीच्या वरच्या भागात, साधारण दुसऱ्या ते सहाव्या मणक्यापाशी, नसेचा मागचा फाटा कण्यालगतच्या मल्टिफिडस स्नायूतून जवळपास काटकोनात वळून कातडीकडे येतो, त्या वळणावर तो दाबला किंवा चिडला की बिघाड तिथे आणि खाज इथे. ॲलर्जीची गोळी हिस्टामिन हे ॲलर्जीत खाज आणणारं रसायन अडवते, इथे हिस्टामिनचा फारसा संबंधच नाही, मग ती काय करणार.

पुढे लोक मणक्याचे एक्स-रे बघायला लागले. 2005 मध्ये तुर्कस्तानात 43 पेशंट तपासले, 34 जणांच्या मणक्यात काहीतरी बदल सापडले. पण पन्नाशीनंतर झिजलेला मणका कुणाचा नसतो, त्यामुळे फक्त एक्स-रेवरून खापर फोडायला मला तरी संकोच वाटतो.

मावशींच्या जागेवर आता तपकिरी डाग आहे. तो रोगाचा नाही, घासण्याचा. वर्षानुवर्षं खाजवून कातडी काळवंडते, कधी त्यात अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं, मग डागावरच क्रीम चोळणं सुरू. डॉक्टरांनी कापूस आणि टाचणीने दोन्ही बाजू तपासल्या, डावीकडे टोचणं बोथट लागलं, तिथे उलगडा झाला.

औषधाचा इतिहास तोकडाच. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम 1990 च्या दशकापासून वापरतात, सुरुवातीला चांगलीच आग होते, रोज अनेकदा, असं कित्येक आठवडे लावावं लागतं आणि बंद केलं की बऱ्याचदा खाज परत. नसांच्या दुखण्यावर देतात त्या गॅबापेंटिनने काहींना आराम पडतो, पण गुंगी येते. 2023 मध्ये डिफेलिकेफालिन गोळीची चाचणी छापून आली, प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा खाज जास्त उतरली, पण फरक माफक होता.

हेच लहान मुलाला होत असेल आणि घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झालेला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, क्वचित एका आनुवंशिक आजाराची ती पहिली खूण असते. आणि पायात ताकद कमी वाटत असेल तर मलम बाजूला ठेवून थेट न्यूरोलॉजिस्ट.