समजूत काढणारी भेट आणि सामावून घेणारी भेट

धाकटा झाला तेव्हा माझी थोरली साडेतीन वर्षांची होती. बाळाला घेऊन घरी आलो त्या दिवशी तिला दोन भेटी मिळाल्या. एक आम्ही आणलेली, चावी दिली की गोल गोल धावणारी आगगाडी. दुसरी माझ्या बहिणीने आणलेली कापडी बाहुली, साधीशी, डोळे दोऱ्याने शिवलेले. आगगाडी बघून पोरगी अक्षरशः नाचली. बाहुलीला तिने हातही लावला नाही. आम्हाला वाटलं, चला, आपण जिंकलो.

पाचव्या दिवशी आगगाडी पलंगाखाली पडली होती आणि थोरली माझ्या मांडीवरच्या बाळाकडे बघत विचारत होती, "आई, याला परत कधी द्यायचं?"

त्या दिवसापासून मला या दोन भेटींमधला फरक दिसायला लागला. दुकानात त्या शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही तितक्याच प्रेमाने घेतल्या जातात. पण एक भेट मुलाची समजूत काढते आणि दुसरी त्याला सामावून घेते. पहिली सांगते, "बाळ आलंय, वाईट वाटून घेऊ नकोस, हे घे." दुसरी सांगते, "बाळ आलंय, ये, इथे बस." पहिल्या तासात मूल दोन्हींमुळे सारखंच खूश होतं, म्हणून तर गल्लत होते. फरक कळायला चार-पाच दिवस जावे लागतात.

असं का होतं ते बघायचं तर थोरल्याला नेमकं कुठे टोचतं ते बघायला हवं. नवं बाळ चोवीस तासांत साधारण 8 ते 12 वेळा दूध पितं, आणि सुरुवातीला एकेका वेळेला वीस ते चाळीस मिनिटं सहज जातात. म्हणजे दिवसातले कितीतरी तास आईची मांडी अडलेली. मूल चिडतं ते त्या मांडीसाठी, खेळण्यासाठी नव्हे. आगगाडी ही वेळ सोडवत नाही. उलट आपण म्हणतो, "जा, तुझी गाडी खेळ पलीकडच्या खोलीत." आणलेली भेट त्याला दूर पाठवायचं साधन होते, आणि तीन वर्षांच्या मुलाला हे बरोबर समजतं.

म्हणून भेट घेताना मी आता एकच गोष्ट विचारते: मी बाळाला पाजत असताना थोरली ही वस्तू घेऊन माझ्या शेजारी बसू शकेल का? उत्तर "हो" असेल तर ती सामावून घेणारी भेट. "नाही" असेल तर ती समजूत काढणारी, मग वस्तू कितीही छान असो.

बाहुलीचंच घ्या. आठवड्याभराने बाळाचा एक लंगोट थोरलीच्या हाती लागला आणि तिने तो बाहुलीला गुंडाळला. मी बाळाचे कपडे बदलत होते, ती शेजारी बाहुलीचे बदलत होती. मी म्हटलं, "तुझ्या बाळाने शी केली का?" ती म्हणाली, "खूप केली." त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच कामात होतो. बाहुलीचं अंग कापडी आणि मऊ असलेलं बरं, म्हणजे ती आपटली तरी कोणाला लागत नाही. आकारही खऱ्या बाळाच्या जवळपास असावा. नवजात बाळ साधारण 50 सेंटिमीटरचं असतं, त्याहून थोडी लहान बाहुली असली की काही आठवड्यांनी बाळाला तोकडी झालेली झबली तिला चालतात. बाहुलीसाठी वेगळे झगमगीत कपडे आणण्यापेक्षा बाळाचं जुनं झबलं देणं किती तरी चांगलं, कारण ती वस्तू खरी असते आणि मुलाला ते ठाऊक असतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. बाहुलीचे लाड होतील अशी अपेक्षा ठेवू नका. थोरलीने दुसऱ्या आठवड्यात तिला खुर्चीवरून तीनदा खाली टाकलं आणि "रडू नको, गप्प!" म्हणून दटावलं. घरातल्या मोठ्यांचे चेहरे उतरले, "बाळाला असं करतात का?" म्हणून तिला रागावलेही. मला वाटतं तिला तसं करू द्यावं. जो राग बाळावर काढायचा नाही हे तिला कळत होतं, तो ती बाहुलीवर काढत होती. बाळाच्या अंगावर हात गेला की मात्र लगेच थांबवायचं, आणि खऱ्या बाळाजवळ तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. बाहुलीला तिच्या हवाली करायचं.

याच्या उलट दिशेची भेट, म्हणजे थोरल्याने बाळाला दिलेली, माझ्या मते सगळ्यात गुणाची. फक्त ती खरोखर उपयोगी पडायला हवी. "दादाने बाळासाठी खुळखुळा आणला" यात दादाने काय केलं? पैसे आपले, निवड आपली. पण नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, आणि फिकट रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्याचा ठळक भेद त्याची नजर धरून ठेवतो. साडेतीन वर्षांचं मूल नेमकं हेच करू शकतं. पांढरा जाड कागद आणि काळा जाड खडू द्या, आणि आडव्या रेघा, मोठा गोल, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके काढायला सांगा. आमच्याकडे रेघा वाकड्या आल्या, एक कागदाबाहेर जमिनीवर गेली. मग तिने कागद दोन्ही हातांनी बाळाच्या तोंडासमोर धरला, साधारण वीतभर अंतरावर. बाळ आधी भलतीकडेच बघत होतं. मग नजर कागदावर आली आणि थांबली. थोरली श्वास रोखून उभी. "आई, तो माझं चित्र वाचतोय." तिने केलेल्या वस्तूने बाळावर काही तरी घडवलं, ते तिला दिसलं. विकत घेतलेल्या कुठल्याही खेळण्याला हे जमलं नव्हतं. बाळ पेंगुळलेलं किंवा भुकेलेलं असताना मात्र हा खेळ मांडू नका. ते तोंड फिरवतं आणि थोरल्याचा हिरमोड होतो. पोट भरून शांत जागं असेल तेव्हाच धरायचं. आणि कागद झोपायच्या जागेत ठेवायचा नाही. पहिलं वर्ष बाळाच्या झोपायच्या जागी उशी, मऊ खेळणी, सुटं पांघरूण असं काहीच नको, थोरल्याने प्रेमाने ठेवलेलं अस्वलसुद्धा नको. ते अस्वल उचलताना "हे बाळ जागं असतानाचं" असं तिला सांगितलं तर अपमान होत नाही.

"बाळाने तुझ्यासाठी आणलंय" म्हणून दिली जाणारी भेट कुठे बसते? दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ते गोड वाटतं. चार वर्षांचं मूल विचारतं, "ते तर पोटात होतं, दुकानात कसं गेलं?" तेव्हा रेटून नेऊ नये. "बाळाच्या नावाने आम्ही आणली" एवढं खरं सांगितलं की पुरे. पण ही भेट मुळात समजूत काढणारीच आहे. ती देऊ नये असं नाही, तिच्याकडून पुढच्या सहा आठवड्यांची अपेक्षा ठेवू नये.

फसवी म्हणावी अशी भेट वेगळीच आहे: "मी दादा झालो", "मी ताई झाले" असं लिहिलेला शर्ट. दिसायला ती सामावून घेणारी. फोटोत छान येते. पण शर्ट घातल्याक्षणी येणारा-जाणारा म्हणू लागतो, "आता तू मोठी झालीस, आता हट्ट नाही करायचा." त्याच आठवड्यात मूल बोबडं बोलायला लागतं, बाटलीने दूध मागतं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं. या वयात हे पुष्कळदा होतं आणि बहुतेकदा आपोआप ओसरतं. नेमकं लहान व्हावंसं वाटत असताना त्याच्या छातीवर "मोठा" असं लिहिलेलं असतं. तसंच "मदतनीस" संचाचं. लंगोट आणून देणं तिला आवडतं तोवर खेळ. दिवसातून दहा वेळा हाक मारली की ती हरकाम्या होते, आणि मग ती भेट तिची राहत नाही, बाळाची होते. तिने "नको" म्हटलं की नको, हे आधीच ठरवून ठेवावं.

समजूत काढणाऱ्या भेटीलाही तिची वेळ असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आई दवाखान्यात असते ते दोन-तीन दिवस मूल आजी किंवा मावशीजवळ असतं. तिथे सामावून घेण्यासारखं समोर काही घडतच नसतं. तेव्हा नवं चित्रांचं पुस्तक किंवा आगगाडी हवीच. आम्ही चूक केली ती वेळेची. आगगाडी दोन दिवस आधी द्यायची होती आणि घरी आल्यावर बाहुली.

दोन्हींच्या मधोमध बसणारी एक वस्तू आमच्या सगळ्यात कामी आली, ती म्हणजे पाजायच्या वेळची पिशवी. एक साधी कापडी पिशवी, फक्त मी पाजायला बसले की उघडायची. आत तीन-चारच गोष्टी: एक पुस्तक, चिकटचित्रांची वही, बाहुली. आवाज करणारं काही नाही, आणि मला एका हाताने पान उलटता येईल असंच. पाजणं संपलं की पिशवी बंद, त्यामुळे तिची नवलाई टिकली. पिशवी थोरलीला देऊन मी फोन बघत बसले तर ती समजूत काढणारी होते. माझा मोकळा हात पुस्तकावर असेल तर सामावून घेणारी. तिसऱ्या आठवड्यात थोरलीच मला म्हणू लागली, "त्याला भूक लागलीय, पिशवी आण."

मणी, चुंबक, छोट्या गोल बॅटरीची खेळणी पिशवीत घातली नव्हती. बाळ तेव्हा हलत नव्हतं, पण सात-आठ महिन्यांत ते जमिनीवर येतं आणि मिळेल ते तोंडात घालतं. गिळलेली बॅटरी किंवा चुंबक जिवावर बेततं. बाळ रांगू लागलं तेव्हा थोरलीला मिळालेली भेट होती भिंतीवरची एक फळी, तिच्या हाताला येईल आणि त्याच्या येणार नाही अशी. बारीक मणी, आवडती चित्रं, सगळं तिथे गेलं. कोणी न विचारता काही घ्यायचं नाही, मीसुद्धा नाही.

फळीवर सामान लावताना पलंगाखालची आगगाडी सापडली. ती मात्र तिने वर ठेवली नाही. चावी दिली आणि धाकट्यासमोर सोडली, आणि तो तिच्या मागे रांगत निघाला.